सांधे दुखतात, विसरायला होतं, मन लागत नाही: हे सगळं पेरिमेनोपॉजमुळेच का?

बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्या तेव्हा हातात रिपोर्टची जाड फाईल होती आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "डॉक्टर, सगळे म्हणतात नॉर्मल आहे, मग मला होतंय ते काय आहे?" वय ४७, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून आपण त्यांना बाईच म्हणूया. ओळख लागू नये म्हणून बाकीचे तपशील थोडे बदललेत.

सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, पोळ्या लाटायला घेतल्या की मनगट दुखतं, उजवा खांदा तर मागे जातच नाही, ब्लाऊजचा मागचा हुक लावता येत नाही. वर्गात चार वर्षं शिकवलेल्या मुलाचं नाव ऐनवेळी आठवेना. दूध उतू जाणं रोजचं झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रडू येतं, कारण नसताना, भाजी निवडताना. घरचे म्हणत होते वय झालं, शाळेतल्या एक मैत्रीण म्हणाल्या थायरॉईड असेल, आणि एका ठिकाणी फुल बॉडी चेकअपमध्ये एफएसएच हे पाळीशी संबंधित हॉर्मोन ९ आलं म्हणून "मेनोपॉज नाहीये" असं सांगून परत पाठवलं होतं.

या वयातल्या कितीतरी बायका हीच तीन दुखणी एकत्र घेऊन येतात, आणि त्यांना दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक तर "मेनोपॉजचं आहे, होतं असं सगळ्यांना" नाहीतर "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका". माझ्या अनुभवात दोन्ही अर्धवट आहेत. पेरिमेनोपॉज या तिन्ही गोष्टी करू शकतो हे खरं, पण बऱ्याचदा तो एकटा नसतो, त्याच्या आड दुसरं काहीतरी बसलेलं असतं आणि ते सहज बरं होण्यासारखं असतं.

आधी पेरिमेनोपॉज म्हणजे काय ते बघू. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं म्हणतात, भारतात हे साधारण ४६-४७ च्या आसपास होतं, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधीच. त्याच्या आधीची जी काही वर्षं असतात, पाळी अजून येतेय पण तिची घडी विस्कटलीय, तो पेरिमेनोपॉज. लोकांना वाटतं या काळात इस्ट्रोजेन जिना उतरल्यासारखं हळूहळू कमी होतं. तसं नसतं. अंडाशयात बीजं थोडी उरलेली असतात, मेंदू एफएसएच वाढवून त्यांना ढकलत असतो, मग कधी अंडाशय जोरात प्रतिसाद देतं आणि इस्ट्रोजेन नेहमीपेक्षाही जास्त होतं, कधी अजिबात देत नाही आणि ते एकदम खाली जातं. काही महिन्यांत बीज सुटतच नाही, मग त्यानंतर तयार होणारं प्रोजेस्टेरॉनही तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत जातं आणि मग जी पाळी येते ती गाठी पडत, धो धो. हा रक्तस्रावाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यावरूनच कळेल की एकदा केलेल्या एफएसएचला या वयात फारसा अर्थ का नाही. आज ९ आलेलं एफएसएच पुढच्या महिन्यात ४० येऊ शकतं आणि त्याच्या पुढच्या महिन्यात परत १०. ४५ च्या पुढच्या बाईला पेरिमेनोपॉज आहे का हे ठरवायला रक्ताची हॉर्मोन टेस्ट लागत नाही. ४० च्या आत पाळी बिघडली तर गोष्ट वेगळी, तिथे टेस्ट करावीच लागते. पण ४७ ला? तिथे कॅलेंडर बघायचं.

मी बाईंना तेच विचारलं, पाळीच्या तारखा लिहिता का? त्या हसल्या, म्हणाल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी बारीक टिंब करते. दुसऱ्या दिवशी फोटो काढून आणला. ४ जानेवारी, १ फेब्रुवारी, २२ फेब्रुवारी, २ एप्रिल, २५ एप्रिल, ३१ मे. आता मधले दिवस मोजा: २८, २१, ३९, २३, ३६. लागोपाठच्या दोन चक्रांमध्ये ७ दिवस किंवा त्याहून जास्त फरक पडायला लागला आणि तो पुन्हा पुन्हा पडतोय, ही पेरिमेनोपॉज सुरू झाल्याची खूण. पुढे कधीतरी मध्ये ६० दिवस किंवा जास्त गॅप पडायला लागते, तो नंतरचा टप्पा. बाईंचा प्रश्न कॅलेंडरनेच सुटला, पेरिमेनोपॉज आहे. शिवाय नीट विचारल्यावर कळलं की रात्री दोन-तीनदा जाग येते, मान-छाती घामाने भिजते, त्यांना वाटायचं पंखा नीट लागत नाही.

ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांना ही कॅलेंडरची सोय नसते. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची तरुण वयात पिशवी काढण्याची प्रकरणं २०१९ साली गाजली होती ती आठवत असतील. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर त्या दिवसापासूनच मेनोपॉज, मग वय ३५ का असेना. अंडाशयं ठेवली असली तरी काहींची ती लवकर थकतात. अशा बाईला सांधेदुखी आणि रात्रीचे घाम असतील तर पाळीचा प्रश्नच नाही म्हणून हा विचार सोडून द्यायचा नाही, उलट आधी करायचा.

तर पेरिमेनोपॉज आहे हे ठरलं. पण म्हणून सगळं त्याच्यामुळेच आहे असं ठरत नाही ना? दोन गोष्टी एकाच वेळी असू शकतात. म्हणून एकेक दुखणं वेगळं काढून बघावं लागतं.

सांध्यांचं घ्या. इस्ट्रोजेनचं काम फक्त गर्भाशयापुरतं नसतं, सांध्यांच्या आतलं अस्तर, कूर्चा, स्नायूंचे दोर या सगळ्यांवर ते काम करतं आणि सूज थोडी दाबून ठेवतं. याचा चांगला पुरावा स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटकडून मिळतो. त्यांना काही वेळा इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर नेणाऱ्या गोळ्या देतात, लेट्रोझोल वगैरे, आणि त्यातल्या खूप जणींची बोटं, मनगटं, गुडघे अगदी असेच आखडतात. म्हणजे संबंध आहे. या दुखण्याची चाल अशी असते की सकाळी उठल्यावर आखडलेलं, पाच-दहा मिनिटं हालचाल केली, कोमट पाण्यात हात घातले की सैल, जागा बदलत राहते, आणि सांध्याला दिसणारी सूज नसते.

सूज दिसली तर मात्र थांबायचं. बोटांच्या मुळाचे किंवा मधले सांधे फुगलेत, हाताला गरम लागतात, अंगठी निघत नाही, सकाळचा आखडलेपणा अर्धा-एक तास जात नाही आणि दोन्ही हातांना सारखंच आहे, तर तो संधिवात असू शकतो, रुमेटॉइड, आणि तो बायकांना याच वयात सुरू होतो. तिथे "मेनोपॉजचं आहे" म्हणून सहा महिने घालवले तर सांधे कायमचे खराब होऊ शकतात. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या टेस्ट तिथे उपयोगाच्या, पण सूज नसताना नुसता आरए फॅक्टर थोडा पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरायचं नाही, निरोगी माणसांतही तो येतो, आणि उलट खऱ्या संधिवातात तो निगेटिव्हही असू शकतो. मागच्या काही महिन्यांत तापाबरोबर सांधे धरले होते का हेही विचारावं, चिकनगुनियानंतर सांधे कित्येक महिने दुखत राहतात.

बाईंच्या फाईलमध्ये युरिक ॲसिड ६.४ होतं, त्याच्यापुढे लाल खूण, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी चार महिने डाळी, उसळी, टोमॅटो सगळं बंद केलेलं. हे मला खूप दिसतं आणि वाईट वाटतं. पाळी चालू असलेल्या बाईला युरिक ॲसिडचा वात होणं दुर्मीळ आहे, कारण इस्ट्रोजेनच किडनीतून युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. आणि तो झाला तर असा अंगभर दुखत नाही, एका सांध्याला, बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याला, एका रात्रीत लालबुंद सूज येते, चादर लागली तरी सहन होत नाही. बाईंची डाळ बंद करून फक्त प्रोटीन कमी झालं, ते पण शाकाहारी घरात.

बोटांना सूज नव्हती, दहा मिनिटांत सुटत होती, तर ते पेरिमेनोपॉजच्या खात्यात टाकायला हरकत नव्हती. खांदा वेगळा निघाला. त्यांनी स्वतः हात उचलला तरी अडत होता आणि मी धरून फिरवला तरी तिथेच अडत होता, विशेषतः बाहेरच्या बाजूला फिरवताना. हा फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीच्या बायकांना जास्त होतो, पण डायबेटिस असलेल्यांनाही होतो म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी बघायचंच. ते ५.५ आलं, ठीक होतं.

आता विसराळूपणा. बायका मनातल्या मनात घाबरलेल्या असतात, घरात कोणाला तरी स्मृतिभ्रंश झालेला बघितलेला असतो. अमेरिकेत १९९६ पासून हजारो बायकांचा मेनोपॉजच्या काळातला मागोवा घेणारा स्वान नावाचा मोठा अभ्यास चालू झाला, त्यात दरवेळी त्याच प्रकारच्या आठवणीच्या टेस्ट घेतल्या. साधारणपणे माणूस तीच टेस्ट परत दिली की थोडं सुधारतो. पेरिमेनोपॉजच्या नंतरच्या टप्प्यातल्या बायकांमध्ये ही सुधारणा दिसली नाही, आणि मेनोपॉज झाल्यावर ती परत दिसायला लागली. म्हणजे शिकण्याचा वेग काही काळ मंदावतो आणि मग बऱ्याच अंशी भरून येतो. यात शब्द जिभेवर येऊन अडतो, नाव पाच मिनिटांनी आठवतं, खोलीत कशाला आलो ते विसरतं. त्यात रात्री तीनदा जाग येणाऱ्या बाईचा मेंदू दुसऱ्या दिवशी ताजा कसा असेल हेही आहेच.

ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, नेहमीचा पैशांचा हिशोब न जमणं, एकच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणं आणि आपण विसरतोय हे स्वतःला न कळता घरच्यांनाच कळणं, हे मात्र यात बसत नाही, त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे जायला हवं. बाईंना सगळं कळत होतं, उलट त्या वही करून विसरलेल्या गोष्टी लिहीत होत्या.

मनाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं कारण तिथेच सगळ्यात जास्त गप्प बसलं जातं. पेरिमेनोपॉजमध्ये डिप्रेशनची शक्यता खरोखरच वाढते, हा स्वभावाचा दोष नाही. इस्ट्रोजेनच्या वरखाली होण्याला काही जणींचा मेंदू जास्त संवेदनशील असतो, ज्यांना पाळीच्या आधी खूप चिडचिड व्हायची, बाळंतपणानंतर उदास वाटायचं किंवा आधी डिप्रेशन होऊन गेलंय त्यांना धोका जास्त. बाईंनी बऱ्याच वेळाने सांगितलं की धाकट्याच्या वेळी तीन महिने त्या नुसत्या रडत होत्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या ओली बाळंतीण आहे, होतं असं. मग मी डिप्रेशन किती आहे ते मोजणारा नऊ प्रश्नांचा पीएचक्यू-९ फॉर्म भरून घेतला आणि थेट विचारलं, जीव नकोसा वाटतो का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का. असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन विचार घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या म्हणाल्या तसं नाही, पण कशातच मन लागत नाही. ज्यांना असे विचार येतात त्यांनी हॉर्मोनचं काय ते नंतर बघावं, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं किंवा टेलिमानस हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फोन करावा, दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता ती लपलेली दुसरी गोष्ट. अंग दुखणं, विसरणं, उदास वाटणं हे तिन्ही एकट्या थायरॉईडने होतं, एकट्या बी१२ च्या कमतरतेने होतं आणि लोह कमी असलं तरी थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड होतेच. म्हणून या वयात मी हॉर्मोनची टेस्ट न करता सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, बी१२, डी व्हिटॅमिन आणि साखर एवढंच सांगते. एक काळजी घ्या, केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद करा, बऱ्याच लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि थायरॉईड कमी काम करतंय हे झाकलं जाऊ शकतं. बी१२ शाकाहारी लोकांत, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत कमी सापडतं, पायाला मुंग्या येत असतील तर नक्की बघा, हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी ते कमी असू शकतं.

बाईंचं टीएसएच ठीक, बी१२ ठीक. हिमोग्लोबिन १०.६, आणि फेरिटिन ७. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ३० च्या खाली गेलं की साठा संपत आलाय असं मी धरते, ७ म्हणजे डबा रिकामा. आधीच्या पॅकेजमध्ये फेरिटिन नव्हतंच आणि हिमोग्लोबिनकडे "बायकांना असतंच एवढं" म्हणून कोणी बघितलं नाही. कारण सरळ होतं, पाळीत आठ दिवस अंगावरून जात होतं, पहिले दोन दिवस तासाला पॅड, मोठ्या गाठी. म्हणजे पेरिमेनोपॉजनेच रक्त घालवलं आणि रक्त गेल्यामुळे थकवा आणि विसराळूपणा वाढला, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं. अशा जास्त जाण्याला ४५ नंतर नुसत्या गोळ्या देऊन सोडायचं नसतं, सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून घ्यायचा, कॅन्सर नाही याची खात्री करायला. आणि मेनोपॉज होऊन गेल्यावर, म्हणजे १२ महिन्यांनंतर, एक थेंब जरी गेला तरी लगेच दाखवायचं. बाईंचा तुकडा स्वच्छ आला.

पहिले तीन महिने फक्त लोह भरलं. एक दिवसाआड एक गोळी, रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर, आणि तिच्या आगेमागे दीड-दोन तास चहा नाही, कारण चहा लोह शोषूच देत नाही. पाळीच्या जड दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड. डाळ परत सुरू. तीन महिन्यांनी फेरिटिन ३४, हिमोग्लोबिन १२.१, दम लागणं गेलं, वर्गात नावं आठवायला लागली. पण रात्रीचे घाम, झोप, रडू आणि बोटं तशीच. हे असं वेगवेगळं करायचा फायदा हाच की आता कळलं कशाने काय होत होतं.

मग हॉर्मोनच्या उपचाराबद्दल बोललो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या बातमीनंतर जगभर हॉर्मोन म्हणजे कॅन्सर अशी भीती बसली, नंतर वयानुसार बघितल्यावर कळलं की साठीच्या आत किंवा मेनोपॉजपासून दहा वर्षांच्या आत, त्रास असलेल्या निरोगी बाईला बहुतेक वेळा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, लिव्हरचा आजार असेल किंवा रक्तस्रावाचं कारण सापडलं नसेल तर मात्र नाही. पिशवी शाबूत असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीच घ्यायचं नाही, अस्तर वाढून कॅन्सर होऊ शकतो, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या जेलने गुठळीचा धोका तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपेक्षा कमी असतो म्हणून मला ते बरं वाटतं. आणि हे गर्भनिरोधक नाही, पाळी अनियमित असली तरी दिवस राहू शकतात.

सांधेदुखीसाठी म्हणून हॉर्मोन मी देत नाही हेही सांगते. अभ्यासात सांध्यांना मिळालेला आराम थोडासाच आहे. रात्रीच्या घामावर मात्र हॉर्मोन उत्तम, त्यातून झोप सुधारते, झोपेतून मन आणि दुखणंही थोडं. ज्यांना हॉर्मोन नको किंवा चालत नाही त्यांना डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी घामही कमी होतात. आणि डिप्रेशन नीट मुरलेलं असेल तर हॉर्मोनवर भागवायचं नाही, त्याचे स्वतंत्र उपचार करायचे.

बाईंना जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली, तिने जरा गुंगी येते म्हणून झोपतानाच घ्यायची. तीन महिन्यांनी परत बघायचं असं ठरवलं होतं, कारण तेवढ्यात ज्या त्रासात काही फरक पडत नाही त्याचं खापर हॉर्मोनच्या चढउतारावर फोडण्यात अर्थ नसतो. घाम गेले. झोप सलग पाच-सहा तास. पीएचक्यू-९ चा आकडा १३ वरून ५ वर आला. बोटं अजून सकाळी आखडतात, पण दुखणं निम्म्यावर आलंय असं त्या स्वतःच म्हणाल्या, आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम चालू केलेत त्याचाही त्यात वाटा असेल.

खांद्याला मात्र हॉर्मोनने काहीच फरक पडला नाही, आणि मीही तशी आशा दाखवली नव्हती. फ्रोझन शोल्डर आपल्या वेळेने सुटतो, एक ते तीन वर्षं लागतात, फिजिओने हालचाल टिकवायची आणि फार दुखलं तर सांध्यात एक इंजेक्शन. आता हात कंबरेपर्यंत मागे जातो, त्याच्या वर नाही. बाईंनी सगळे ब्लाऊज पुढून हुकचे शिवून घेतलेत.